बावीस मिनिटांत संपलेली यादी

कुठलंही काम ठरल्या वेळेच्या आधी संपलं की मी ते पुन्हा तपासते. घरातले हसतात. कुकरची शिट्टी लवकर झाली तरी ही झाकण उघडून बघते, म्हणतात. बघते खरी. लवकर झालं म्हणजे चांगलंच झालं, असं मानणारी माणसं मला भाबडी वाटतात, आणि एकेकाळी मी त्यांच्यातलीच होते.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी फुलचूरहून सायकलनं गोंदियात येऊन एका संस्थेत कॉम्प्युटरवर बसायचे. कंत्राटी नोकरी, अकरा महिन्यांची, मग एक दिवस सुट्टी आणि पुन्हा अकरा महिने. संस्थेचं काम सिकलसेलचं. आमच्या भागात हा आजार घराघरात आहे, पण तेव्हा निम्म्या लोकांना त्याचं नावही नीट घेता येत नव्हतं. अंग दुखतं, डोळे पिवळे होतात, पोर वारंवार आजारी पडतं, एवढंच त्यांना माहीत. आमच्या लोकांमध्ये तर जास्तच. माझी मावशी त्यानंच गेली असावी, असं मला ही नोकरी लागल्यावर कळलं.

कामाची रीत अशी होती. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविका शाळेत जाऊन पोरांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेत आणि एका द्रावणात टाकत. द्रावण गढूळ झालं की त्या पोराच्या रक्तात दोष आहे, एवढं कळे. पण तो नुसता अंगात वाहून नेणारा आहे की खरोखर आजारी, हे त्या गढूळ पाण्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी गोंदियाला करावी लागे. शाळेतली रजिस्टरं माझ्याकडे येत, मी आठवडाभर नावं टाइप करी, आणि दर शनिवारी आम्ही ‘रन’ लावत असू. मशीन त्या आठवड्यातली गढूळ निघालेली नावं एकेक करून घेई, आधी बोलावलेल्या हजारो जुन्या नावांशी जुळवून पाही, म्हणजे एकाच पोराला दोनदा बोलावणं जाऊ नये, आणि उरलेल्यांची गाववार यादी छापी. ती यादी फाडून गावोगाव जाई. ज्याचं नाव असेल त्याच्या घरी कागद, म्हणजे दुसऱ्या तपासणीचं बोलावणं. ज्याचं नसेल त्याला काहीच नाही. हळूहळू गावांमध्ये एक समजूत पक्की झाली, कागद नाही आला म्हणजे पोर चांगलं. आम्हीच ती होऊ दिली. प्रत्येकाला ‘तुमचं काही नाही’ असं कळवायला आमच्याकडे ना माणसं होती ना कागद.

रनला चाळीस मिनिटं लागत. कधी अडतीस, कधी त्रेचाळीस. मला हे तोंडपाठ होतं, कारण मी वहीत वेळ लिहून ठेवायचे. शौक म्हणून नव्हे. लोडशेडिंगमुळे मधेच लाइट गेली की सगळा रन पहिल्यापासून, आणि मग साहेबांना दाखवायला काहीतरी हवं. रन लावायचा, डबा उघडायचा, जेवून हात धुवून यायचं, पाच-दहा मिनिटं खिडकीत उभं राहायचं आणि मग प्रिंटरचं करकरणं सुरू व्हायचं.

त्या आठवड्यात गुरुवारी कॉम्प्युटरची मेमरी वाढवली होती. आमचे साहेब हरखून गेले होते. ते मूळचे गोंदियाचेच, बोलणं निम्मं हिंदीत. दिवसातून चारदा येऊन मशीनच्या डोक्यावर हात ठेवून जात.

शनिवारी बाराच्या सुमारास नागपूरहून फोन आला. मुलांच्या एका वसतिगृहात औषधं ठेवायची होती, त्यांना आमच्या यादीतल्या मुलग्यांचा आकडा हवा होता, आत्ताच्या आत्ता. मी मशीनला एक ओळ लिहून सांगितलं, फक्त मुलगे दाखव. त्यानं दाखवले. मी आकडा फोनवर सांगितला आणि रिसीव्हर ठेवला. एकला लाइट जाणार होती. घाईघाईनं मी तिथंच, त्याच पडद्यावर, रन लावला आणि डबा उघडला.

कॉम्प्युटरशी कधी संबंध न आलेल्यांसाठी सांगते. त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अशी एक ओळ लिहिली की ती रद्द करेपर्यंत किंवा मशीन बंद करेपर्यंत तशीच राहते. मी ‘फक्त मुलगे’ म्हटलं होतं. ‘बस, झालं’ असं म्हणायचं विसरले. त्या क्षणापासून मशीनच्या लेखी आमच्या जिल्ह्यात मुलगीच नव्हती.

अर्धी पोळी खाऊन झाली होती आणि प्रिंटर करकरायला लागला. मी घड्याळ पाहिलं. बारा दहाला लावलेला रन बारा बत्तीसला संपला होता. बावीस मिनिटं. पडद्यावर नेहमीसारखं ‘रन पूर्ण’. चूक नाही, इशारा नाही, काही नाही. हात उष्टाच ठेवून मी साहेबांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, आज फार लवकर झालं. साहेबांचा चेहरा फुलला.

“नयी मेमरी का कमाल है,” ते म्हणाले. “आता बघ तू, मशीन पळते की नाही.”

यादीही पातळ होती. साहेब म्हणाले, अच्छा है, कमी पेशंट. मलाही ते पटलं, किंवा पटवून घेतलं. मी वहीत बावीस लिहिलं आणि त्याच्याखाली, का कोण जाणे, दोन रेघा ओढल्या. बावीस म्हणजे चाळीसच्या जवळजवळ निम्मं. निम्म्या वेळात होणारं काम कधीकधी निम्मंच झालेलं असतं, हे पहिलीतल्या पोरालाही कळावं. मला नाही कळलं. मी उरलेला डबा खाल्ला.

सोमवारी कोहमाऱ्याकडची गावं फिरणाऱ्या ताई यादी न्यायला आल्या. मला त्या मोठ्या बहिणीसारख्या होत्या, वयानं दहा-बारा वर्षं मोठ्या, बोलायला रोखठोक. एसटीनं कोहमाऱ्यापर्यंत आणि तिथून पुढं सायकलवर, असा त्यांचा रस्ता. आपल्या गावांचा कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, यावेळी थोडकेच आहेत न, बरं झालं. यादी त्यांनी पाहिली, साहेबांनी पाहिली, मी तर छापलीच होती. सगळी नावं मुलग्यांची होती. एकालाही ते खटकलं नाही. माझी चूक वेगळीच राहिली, पण कधीकधी या न खटकण्याचीच मला जास्त भीती वाटते.

पुढच्या शनिवारी मी सकाळी मशीन सुरू केली, नेहमीसारखा रन लावला आणि डबा उघडला. डबा संपला. हात धुतले. खिडकीत उभी राहिले. प्रिंटर गप्प. बेचाळीस मिनिटांनी तो करकरला.

मेमरी तीच होती. नावं मात्र मागच्या आठवड्यापेक्षा कमी होती, मीच टाइप केली होती, मला माहीत होतं. साहेब नागपूरला गेले होते. मी वहीत बेचाळीस लिहिलं आणि वरच्या बावीसकडे बघायचं टाळलं. एखाद्या घरात कुणी आहे असं वाटत असताना दाराकडे पाठ करून बसावं, तशी मी दुपारभर बसले.

रविवारी घरी तांदूळ निवडताना मला तो फोन आठवला. मुलग्यांचा आकडा. हातातलं सूप तसंच राहिलं. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, खडा दिसला.

सोमवारी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. मशीनला विचारलं, त्या आठवड्यात गढूळ निघालेल्या मुली दाखव. पडदा भरला, सरकला, पुन्हा भरला. कागदावर अडीच पानं झाली असती. त्यांची नावं पुढच्या शनिवारीही निघाली नव्हती, कारण प्रत्येक रननंतर मशीन आपली तारीख पुढं सरकवे आणि मागं वळून बघत नसे. त्या मुली कायमच्या मागं राहिल्या होत्या. घरोघर त्या चांगल्या ठरल्या होत्या, कागद आला नव्हता म्हणून.

इथं मला खरं ते लिहायचंय, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. त्या सोमवारी मला सगळं कळलं होतं. प्रिंटरमध्ये कागद होता. लाइट होती. अर्ध्या तासात अडीच पानं छापून, साहेबांपुढं ठेवून, ‘माझ्याकडून चूक झाली’ एवढं म्हणायचं होतं. ताई दुपारी यायच्याच होत्या. पण माझे अकरा महिने त्याच महिन्याअखेर संपत होते, आणि साहेब नागपूरहून बोलणी खाऊन आले होते, आल्या आल्या शिपायावर ओरडत होते. मी विचार केला, आज कशाला? शनिवारच्या यादीत ही नावं हळूच मिसळून देऊ. कुणाला कळणारही नाही. पाच दिवसांनी काय होतं? ताई आल्या, त्यांनी मागच्या शनिवारची यादी घेतली, चहा प्यायल्या. मी त्यांच्याशी हसून बोलले. मला आजही ते हसणं आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शनिवारी मी अडीच पानं ‘पुरवणी यादी’ म्हणून छापली. साहेबांनी न वाचता सही केली. सोमवारी ताईंनी त्यातला आपल्या गावांचा भाग नेला. मी मोकळी झाले, असं मला दोन दिवस वाटलं.

बुधवारी ताई परत आल्या. त्यांचा येण्याचा दिवस नव्हता. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या, पर्समधून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावरच्या नावावर बोट ठेवलं. अकरा वर्षांची मुलगी. कोहमाऱ्याजवळच्या गावातली.

“हा कागद घेऊन मी तिच्या घरी गेली,” त्या म्हणाल्या. “अंगणात मंडप होता. पोट्टी शुक्रवारी गेली न.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, सावकाश, माझ्याकडे न बघता. त्या मुलीला एक मोठा भाऊ. दोघांची तपासणी एकाच शाळेत, एकाच दिवशी झाली होती. भावाचा कागद आला, बहिणीचा नाही. घरच्यांनी पोराची काळजी केली आणि पोरीचं समाधान मानलं, चला, हिला तरी काही नाही. आई शेजारणींना सांगत सुटली होती म्हणे, माझी पोरगी साफ निघाली. त्या बुधवारी, म्हणजे मी नावं दाबून ठेवली त्याच्या दोन दिवसांनी, मुलीचे हातपाय दुखायला लागले, ताप चढला. बापानं तिला कोहमाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर शहाणा होता, त्यानं पहिलंच विचारलं, हिला सिकलसेल तर नाही? बाप ठामपणे म्हणाला, नाही, रक्त तपासलंय शाळेत, तिच्या भावात निघालं, तिच्यात नाही. डॉक्टरनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. शुक्रवारी सकाळी तिला श्वास घेता येईना. जीप करून गोंदियाला आणताना रस्त्यातच गेली. गोंदियाच्या डॉक्टरांनी तिचे पिवळे डोळे पाहिले, भावाचं ऐकलं आणि आईबापाला सांगितलं, सिकलसेलच असावा, छातीत उतरला.

ताई बोलायच्या थांबल्या. मग त्यांनी माझ्या टेबलावरची पुरवणी यादीची प्रत घेऊन पानं एकेक करून उलटली. अडीच पानं, दोनदा वाचली. मला कळलं त्या काय वाचतायत.

“सगळ्या पोट्ट्याच आहेत,” त्या म्हणाल्या. “अन् दोन हप्त्याआधीच्या यादीत एकबी पोट्टी नव्हती. मी घरोघर वाटली ती यादी. मले काऊन नाही दिसलं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं आता विचारतील, तुला कधी कळलं? त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, हेही मला सांगता येत नाही. त्या उठल्या, म्हणाल्या बाकीच्या पोट्ट्यांना आज-उद्यात आणते, आणि गेल्या. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी त्यांच्या गावातल्या यादीतल्या झाडून सगळ्या मुली गोंदियाला आणल्या. दुसऱ्या मार्गांवरच्या सेविकांनाही त्यांनीच दामटलं. त्यांतल्या काही मुली खरोखर आजारी निघाल्या, त्यांना गोळ्या सुरू झाल्या. त्या वाचल्या असतील, आता त्यांची लग्नं होऊन पोरंबाळंही झाली असतील. हे मी स्वतःला वरचेवर सांगते. त्यानं काही होत नाही.

त्यानंतर मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. रन संपला की मशीन सांगे, एकूण नावं इतकी, वाचली इतकी, त्यांतले मुलगे इतके, मुली इतक्या. आकडे जुळले नाहीत तर यादी छापायचीच नाही. साहेबांनी ते पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. माझे अकरा महिने वाढले. नागपूरच्या बैठकीत त्या ओळीचं कौतुकही झालं. मी तिथं मान खाली घालून बसले होते, लोकांना वाटलं लाजतेय.

पंधरा दिवसांनी मुलीचा बाप आला. भावाला दुसऱ्या तपासणीसाठी आणलं होतं, पोर आत रक्त द्यायला गेलं होतं. दारात उभा राहून तो म्हणाला, “जय भीम, ताई.” मी खुर्ची दिली. चाळिशीचा असेल, धुतलेला सदरा, पायात चप्पल नाही, ती दाराबाहेर काढून ठेवलेली. ऑफिसात कुणी चपला काढत नसे. त्यानं खिशातून तो कागद काढला. ताईंनी परत आणला होता तो कागद मग त्याच्याकडे कसा आला, मला नाही माहीत. त्यानं मागून घेतला असावा. त्यावर मुलीचं नाव होतं, वय होतं, आणि मी घातलेली तारीख.

“हा कागद उशिरा काऊन आला, ताई?” त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मशीन बिघडली होती.

त्यानं मान डोलावली. मशीन आहे, बिघडतेच, असं काहीतरी पुटपुटला. कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, “डॉक्टरनं मले विचारलं होतं. मीच नाही म्हणलो. माह्याच तोंडानं म्हणलो. हा कागद आठ दिस आधी येता, तर वाचली असती का?”

तेव्हा मला काय माहीत होतं ते सांगते. कागद त्या सोमवारी निघाला असता तर मंगळवारी त्याच्या हातात पडला असता. बुधवारी डॉक्टरनं विचारल्यावर तो हो म्हणाला असता. डॉक्टरनं तिला त्याच दिवशी गोंदियाला पाठवलं असतं. सलाइन, ऑक्सिजन, रक्त, सगळं इथं होतं. वाचलीच असती असं कुणी लिहून देणार नाही. पण दोन दिवस तिला मिळाले असते, आणि ते दोन दिवस माझ्या टेबलाच्या खणात होते.

मी म्हटलं, “नाही, दादा. काही फरक पडला नसता.”

त्यानं डोळे मिटले. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरताना मला दिसलं. त्याच्यासाठी मी खोटं बोलले, असं मी पुढं कित्येक वर्षं मानत आले. ते खरं नाही. त्याच्या जागी सगळं ओझं माझ्यावर येऊ नये म्हणून मी बोलले. त्याला त्यानं बरं वाटलं, एवढाच त्यातला योगायोग.

आतून पोरगा बाहेर आला, दंड दाबून धरलेला. बाप उठला. कागद घडी करून त्यानं पुन्हा खिशात ठेवला आणि माझ्यासमोर उभा राहून दोन्ही हात जोडले. म्हणाला, तुम्ही आमच्या लोकांसाठी लय करून राहिल्या, ताई.

मीही हात जोडले.